कॅशलेस झाले, पण आधीच्या-नंतरच्या बिलांचे काय?

प्रश्न : पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी पत्नी १० जूनला दाखल झाली, १४ जूनला घरी आली. पॉलिसी आरोग्य संजीवनी आहे. रुग्णालयाचे बिल कॅशलेस झाले. आधीच्या तपासण्या आणि नंतरची औषधे मिळून ८,००० रुपये खिशातून गेले. दावा आता बंद झाला का?

उत्तर : नाही. कॅशलेसमध्ये फक्त रुग्णालयाचे बिल भागते. बाहेर केलेला खर्च त्याच दाव्याचा भाग आहे, पण तो तुम्हालाच मागावा लागतो. या पॉलिसीत दाखल होण्याआधीचे ३० आणि घरी आल्यानंतरचे ६० दिवस धरतात. म्हणजे ११ मेपासूनची सोनोग्राफी चालेल, ५ मेची नाही. खर्च त्याच आजाराचा असावा. म्हणून प्रत्येक बिलामागे डॉक्टरांची चिठ्ठी, तपासणीचा अहवाल आणि पैसे भरल्याची पावती लावा. अर्जावर कॅशलेसचाच दावा क्रमांक लिहा. नाहीतर ही बिले शस्त्रक्रियेशी जोडली जात नाहीत.

सगळी बिले शेवटी एकदमच दिली तर सोपे नाही का? तिथेच चूक होते. आधीच्या खर्चाची कागदपत्रे घरी आल्यापासून ३० दिवसांत, म्हणजे १४ जुलैपर्यंत द्यायची असतात. नंतरच्या खर्चाची मुदत उपचार संपल्यावर १५ दिवस असते. ऑगस्टपर्यंत थांबलात, तर पहिली मुदत हुकेल. म्हणून दावा एकच ठेवा, पण बिले दोन हप्त्यांत द्या. सर्व बिले मान्य झाली, तर ५ टक्के तुमचा वाटा वजा होऊन ७,६०० रुपये मिळतील, अर्थात विमा रक्कम शिल्लक असेल तरच.