'हेल्पर पाहिजे' लिहिण्याआधी

नागपुरात गांधीबागेजवळ माझी औषधांची घाऊक एजन्सी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरच्या मेडिकल दुकानांना आम्ही माल पाठवतो. एका माणसाची जागा भरताना मी दोन वेळा चुकीची जाहिरात दिली आणि दोन्ही वेळा नुकसान सोसलं. जाहिरात लिहायला बसलेल्यांनी हा अनुभव वाचावा.

पहिली जाहिरात एका ओळीची होती : 'मेडिकल एजन्सीत हेल्पर पाहिजे.' आलेली मुलं मेहनती होती, पण खोकी उचलायचं काम आहे असं समजून आली होती. त्यातला एक ठेवला. दुसऱ्याच आठवड्यात चंद्रपूरला गेलेला एक खोका परत आला. बिलावर एक बॅच नंबर होता आणि स्ट्रिपवर दुसराच. एखादी बॅच बाजारातून परत मागवायची वेळ आली की या नंबरावरूनच माल शोधतात, त्यामुळे दुकानदाराने माल नाकारला ते योग्यच होतं. दोष त्या मुलाचा नव्हता. नंबर जुळवून पाहणं हे त्याचं काम आहे, असं जाहिरातीत नव्हतं आणि मीही त्याला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी मी दुसऱ्या टोकाला गेलो आणि 'लॉजिस्टिक्स कोऑर्डिनेटर' लिहिलं. चांगले पदवीधर आले. निवडलेल्या मुलाने पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, माझ्या हाताखाली किती जण राहतील?" हाताखाली कोणीच नव्हतं. रॅक लावायला सांगितल्यावर तो चौथ्या दिवसापासून आला नाही. त्याचंही चुकलं नाही. मी नाव मोठं दिलं होतं, काम आणि पगार तोच ठेवला होता.

मग मी एक वही घेतली आणि त्या जागेवरचा माणूस दिवसभर खरोखर काय करतो ते आठवडाभर लिहिलं. आलेला माल बिलाशी जुळवणं, बॅच व एक्सपायरी तपासणं आणि कॉम्प्युटरवर नोंद करणं यात सुमारे चार तास जात. पॅकिंग आणि रॅक यात तीन तास. उरलेला वेळ ट्रान्सपोर्टवाल्याला फोन, एक्सपायरीचा परतीचा माल आणि इन्सुलिनचा फ्रीज २ ते ८ अंशांत आहे ना ते पाहणं.

या यादीला मी तीन प्रश्न विचारले. काम दर वेळी कोणी सांगावं लागतं का? तो स्वतः काय ठरवतो? तो इतरांची कामं लावून देतो का?

प्रत्येक काम सांगितल्यावरच होत असेल आणि ते मुख्यतः अंगमेहनतीचं असेल, तर 'हेल्पर' किंवा 'मदतनीस' हेच प्रामाणिक नाव. रोजची ठरलेली जबाबदारी आहे, पण शेवटचा निर्णय वरिष्ठाचा, तर 'असिस्टंट' म्हणजे सहायक. एखादा विभाग किंवा ठरावीक ग्राहक स्वतःच्या हिमतीवर सांभाळायचे असतील, तर 'असोसिएट'. चार जणांचं वेळापत्रक जुळवायचं आणि काम अडलं की जाब द्यायचा, तर 'कोऑर्डिनेटर', समन्वयक. माझ्या यादीत जबाबदारी रोजची होती, निर्णय माझा होता आणि हाताखाली कोणी नव्हतं. म्हणून 'असिस्टंट'.

रेल्वेनेही हा बदल केला आहे. लेव्हल-१च्या २०१८च्या भरतीत 'हेल्पर' होते, २०१९च्या जाहिरातीत त्या जागी 'असिस्टंट' आलं. पण वेतनाची लेव्हल जाहिरातीत स्पष्ट असल्याने उमेदवाराची फसगत होत नाही. नाव बदललं तरी पगार आणि काम उघड लिहिलेलं असावं, हे त्यातून घ्यावं.

दोन गोष्टींपासून सावध राहा. मोठं नाव दिलं म्हणून किमान वेतन किंवा ओव्हरटाइम टळत नाही, कारण वाद झालाच तर पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम पाहिलं जातं. आणि आमच्या धंद्यात नोंदणी नसलेल्याला 'असिस्टंट फार्मासिस्ट' म्हणू नका. फार्मासिस्ट हे १९४८च्या फार्मसी कायद्याखाली नोंदणी लागणारं नाव आहे.

तिसरी जाहिरात अशी होती : 'स्टॉक व डिस्पॅच असिस्टंट. बिल व बॅच तपासणी, कॉम्प्युटर नोंद. रोज सुमारे तीन तास पॅकिंग व रॅकचं काम, खोकी उचलावी लागतील. वेळ १०.३० ते ७.३०.' खाली पगाराचा आकडा होता.

या वेळी अर्ज कमी आले. पण उमरेडची एक बी.कॉम. झालेली मुलगी मुलाखतीला आली आणि तिने हाताखालच्या माणसांबद्दल विचारलं नाही. "दादा, बॅच जुळली नाही तर खोका थांबवायचा अधिकार मला आहे का?" एवढंच तिने विचारलं. आहे, असं मी सांगितलं आणि ते तिच्या नेमणूकपत्रात लिहून दिलं.