बोलपट सर्वांचा व्हावा म्हणून

बोलपट हे शब्द आणि चित्र यांचे मिश्रण आहे, असे आपण सहज म्हणतो. परंतु ज्याला ऐकू येत नाही त्याच्या वाट्याला त्यातले केवळ चित्र येते आणि ज्याला दिसत नाही त्याच्या वाट्याला केवळ आवाज. हा राहिलेला भाग भरून काढण्याचे दोन मार्ग आहेत. कर्णबधिरांसाठी पडद्यावर लिहिलेल्या ओळी, म्हणजे कॅप्शन. आणि अंधांसाठी संवादांच्या मधल्या जागेत बोललेले श्राव्य-वर्णन. अमेरिकेत १९७२ साली ‘द फ्रेंच शेफ’ हा पाककृतींचा कार्यक्रम कॅप्शनसह दूरचित्रवाणीवर दाखवला गेला, तर १९८१ साली वॉशिंग्टनच्या अरीना स्टेज या नाट्यगृहात अंध प्रेक्षकांसाठी चालू नाटकाचे वर्णन ऐकवण्यास आरंभ झाला.

आमच्या वर्गाने गावातील कुंभारकामावर नऊ मिनिटांची चित्रफीत तयार केली. ती पुरी झाल्यावर तिला ही दोन्ही अंगे जोडण्याचे काम माझ्याकडे आले. त्यातील एकच प्रसंग मी येथे उलगडून सांगणार आहे, कारण या विद्येचे बहुतेक नियम त्या वीस सेकंदांत सापडतात.

प्रसंग असा. आव्यातून मडकी काढून झाली आहेत. कुंभारकाका म्हणतात, “आव्यातनं काढल्यावर बोटानं असं वाजवून बघायचं.” ते एक मडके वाजवतात. खणखणीत आवाज येतो. ते मडके उजवीकडे गवतावर जाते. दुसरे वाजवतात, तेव्हा आवाज भद्द येतो. ते डावीकडे खापरांच्या ढिगात जाते. मग काका म्हणतात, “हे गेलं कामातनं.”

आता पाहा. कर्णबधिर प्रेक्षकाला दोन सारखीच मडकी दिसतात. एक इकडे आणि दुसरे तिकडे का गेले, हे त्याला कळत नाही. अंध प्रेक्षकाला दोन्ही आवाज ऐकू येतात. पण “असं” म्हणजे कसे आणि “हे” म्हणजे कोणते, हे त्याला कळत नाही. एकाच प्रसंगाची दोन वेगवेगळी अर्धी अंगे दोघांपासून हिरावली जातात. म्हणून कॅप्शनमध्ये केवळ संवाद लिहून भागत नाही. अर्थ ज्यावर अवलंबून आहे असा प्रत्येक आवाजही लिहावा लागतो.

कॅप्शनची फाईल साधी मजकुराचीच असते. तिच्यात क्रमांक, सुरुवातीची व शेवटची वेळ आणि मजकूर एवढेच असते. आमच्या फाईलमधील हा भाग :

```
41
00:04:10,000 --> 00:04:13,800
काका : आव्यातनं काढल्यावर
बोटानं असं वाजवून बघायचं.

42
00:04:14,200 --> 00:04:16,000
[मडके वाजते : खणखणीत आवाज]

43
00:04:21,000 --> 00:04:22,800
[दुसरे मडके वाजते : भद्द आवाज]
```

सेकंदानंतर स्वल्पविराम आणि मग सेकंदाचे हजारावे भाग, अशी ही पद्धत आहे. एका वेळी दोनच ओळी ठेवाव्यात आणि ओळ अर्थ तुटणार नाही अशा जागी मोडावी. बोलणाऱ्याचे नाव तो पडद्यावर दिसत नसेल तेव्हा तर हवेच. काकांची “आव्यातनं” ही बोली मी “आव्यातून” अशी शुद्ध केली नाही. ऐकणाऱ्याला जी भाषा मिळते तीच वाचणाऱ्यालाही मिळाली पाहिजे. मात्र ज्यांची पहिली भाषा खुणांची आहे अशा कर्णबधिरांना लिखित मराठी हीच परकी वाटू शकते. त्यांची गरज कॅप्शन पुरी करीत नाही. तेथे खुणांच्या भाषेतील दुभाषीच लागतो.

श्राव्य-वर्णनाचे काम याहून अवघड आहे, कारण त्याला स्वतःची जागा नसते. पहिल्या आणि दुसऱ्या मडक्याच्या आवाजांमध्ये पाच सेकंद शांतता आहे. दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा सेकंद मोकळा सोडला की चार उरतात. सावकाश, स्पष्ट बोलायचे तर सेकंदाला दोन शब्द धरावेत. म्हणजे आठ शब्दांची सोय झाली. पहिल्या खर्ड्यात असे वाक्य होते : “सुरकुतलेल्या हातांचे वृद्ध काका ते सुंदर लाल मडके प्रेमाने उचलून उजवीकडच्या गवतावर अलगद ठेवतात.” हे झाले चौदा शब्द. शिवाय ‘सुंदर’ आणि ‘प्रेमाने’ ही आमची मते आहेत, पडद्यावरील वस्तू नव्हेत. शेवटी राहिले ते एवढेच : “काका ते मडके उजवीकडे गवतावर ठेवतात.” दुसऱ्या जागेत : “दुसरे डावीकडे, फुटक्या खापरांच्या ढिगात टाकतात.”

“असं” या शब्दाचा उलगडा मात्र त्याच्या आधीच करावा लागला. काका बोलण्यापूर्वी चार सेकंद नुसती पावले वाजतात, तेथे आम्ही म्हटले, “काका मडक्यावर वाकवलेल्या बोटाचे पेर टेकवतात.” वर्णन क्रियेच्या किंचित आधी आले तर चालते, पण मडके फुटके निघणार हे आधीच सांगून टाकणे योग्य नव्हे. तो शोध अंध श्रोत्यानेही कानांनीच लावावा. म्हणूनच वर्णन चालू असताना मूळ आवाज थोडा खाली घ्यावा, पण मडक्याच्या आवाजावर आपला आवाज कधीही चढवू नये.

जेथे शांतताच नाही तेथे काय करायचे? सहाव्या मिनिटाला काका चाक फिरवता फिरवता अखंड बोलतात आणि हातांची घडण मात्र केवळ दिसते. तेथे आम्ही चित्र सहा सेकंद स्थिर धरून वर्णन घातले. यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते : त्या जागेनंतरच्या सर्व कॅप्शन सहा सेकंदांनी पुढे सरकवाव्या लागतात. म्हणून वर्णनासहित प्रतीसाठी कॅप्शनची फाईल वेगळी ठेवावी.

वेळा बिघडल्या आहेत की नाहीत, हे ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे पहिली आणि शेवटची कॅप्शन ताडून पाहणे. दोन्हींत अंतर सारखेच असेल, तर सुरुवातीला कोठे तरी काही जोडले अथवा कापले गेले आहे. पहिली बरोबर असून मध्ये एके ठिकाणापासून अचानक फरक पडत असेल, तर त्या जागी भर किंवा काटछाट झाली आहे. आणि अंतर हळूहळू वाढत जात असेल, तर चित्रफितीची गती बदलली आहे. सेकंदाला २४ चित्रांची फीत २५ च्या गतीने चालवली, तर मूळच्या दर मिनिटामागे सुमारे अडीच सेकंदांचा फरक पडतो. अक्षरांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसू लागली, तर बहुधा फाईल UTF-8 या पद्धतीने साठवलेली नसते.

अखेरची परीक्षा प्रेक्षकांचीच. प्रथम आवाज बंद करून आणि नंतर डोळे मिटून आम्ही फीत पाहिली. पण आम्हाला कथा आधीच ठाऊक असल्याने ही परीक्षा अपुरी होती. आमच्या वर्गातील अंध मित्राने वर्णनाची पहिली प्रत ऐकली, तेव्हा तिच्यात “काका हसतात” असे एक वाक्य होते. तो म्हणाला, “हसलेलं मला ऐकू आलं. त्यापेक्षा तेव्हा त्यांनी हातात काय घेतलं ते सांग की.” त्या दोन शब्दांच्या जागी आता “काका थापी उचलतात” असे आहे. शेजारच्या गल्लीतील कर्णबधिर ताईंनी फीत पाहून कागदावर लिहून दिले, “भद्द वाजलं म्हणून टाकलं ना?” ‘खणखणीत’ आणि ‘भद्द’ या दोन शब्दांनी त्यांच्यापुरते ते मडके वाजले होते.