पार्टीतल्या पेल्याचा हिशेब

लग्नाचा स्वागत समारंभ असो, बढतीची पार्टी असो की निवृत्तीचा निरोप, दुसऱ्या दिवशी आपण ताटाचा हिशेब अगदी चोख मांडतो. पुलाव किती खाल्ला, गुलाबजाम किती झाले, तळलेले किती घेतले, हे सारे लक्षात राहते. मात्र जेवणाआधी दोन तास हातात असलेल्या पेल्याचा हिशेब कोणीच मांडत नाही. तो पेला पाण्यासारखा समजला जातो. वस्तुतः कित्येकदा पेल्यातले उष्मांक ताटातल्या उष्मांकांच्या बरोबरीला येतात. ते मोजायचे कसे, हे आज पाहू.

प्रथम मूळ आकडे ध्यानात घ्या. एक ग्रॅम साखरेपासून ४ उष्मांक मिळतात, एक ग्रॅम तेला-तुपापासून ९ आणि एक ग्रॅम शुद्ध मद्यार्कापासून ७. म्हणजे मद्यार्क हा साखरेपेक्षा तुपाच्या जवळचा आहे. दारूच्या बाटलीवर उष्मांक बहुधा छापलेले नसतात, पण मद्यार्काचे प्रमाण टक्क्यांत छापलेले असते आणि हिशेबाला तेवढे पुरते. किती मिलिलिटर घेतले त्याला टक्क्यांनी गुणावे, शंभराने भागावे आणि येणाऱ्या आकड्याला साडेपाचने गुणावे. मद्यार्क पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम भरत नाही, म्हणून सात ऐवजी साडेपाच घ्यावयाचे.

आपल्याकडच्या व्हिस्की, रमच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के असे लिहिलेले असते. मोठा पेग ६० मिलिलिटरचा. त्यात मद्यार्क सुमारे पावणेसव्वीस मिलिलिटर, आणि उष्मांक जवळजवळ १४०. लहान पेगचे त्याच्या निम्मे, म्हणजे ७०. तूप न लावलेली मध्यम पोळी साधारण १०० उष्मांकांची धरली, तर एक मोठा पेग म्हणजे जवळजवळ दीड पोळी झाली.

आता पेग कशात मिसळला ते पाहा. साधे पाणी किंवा साधा सोडा असेल तर बेरीज शून्य. कोला, लिंबू-संत्र्याची गोड शीतपेये आणि डब्यातले गोड रस यांची गोष्ट वेगळी. साखर घातलेल्या कोलात १०० मिलिलिटरला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. २०० मिलिलिटरच्या लहान बाटलीत सुमारे २१ ग्रॅम, म्हणजे चार सपाट चमचे साखर आणि ८५ उष्मांक. दिसायला सोड्यासारखे असणारे टॉनिक वॉटर पुष्कळांना निरुपद्रवी वाटते, पण त्यातही साखर असते. शीतपेयाच्या बाटलीवर साखरेचा तक्ता छापलेला असतो, तो एकदा वाचावा म्हणजे फसगत होत नाही.

आता एक उदाहरण करून पाहू. समजा, कार्यालयातील सहकाऱ्याच्या निरोप समारंभात चार जण एका टेबलाशी बसले आहेत. पहिल्याने तीन मोठे पेग घेतले आणि प्रत्येकात कोलाची एक लहान बाटली ओतली. तीन पेगचे ४२०, कोलाचे २५५, एकूण ६७५ उष्मांक. दुसऱ्याने तेवढेच पेग पाण्याबरोबर घेतले, त्याचे ४२०. तिसऱ्याने "मी कडक घेत नाही, फक्त बियर" असे म्हणत ६५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या संपविल्या. पाच टक्क्यांच्या एका बाटलीत मद्यार्काचे सुमारे १८० आणि धान्यातून उरलेल्या पिष्टमय भागाचे सुमारे ८०, मिळून २६० उष्मांक. दोन बाटल्यांचे ५२०. चौथा निर्व्यसनी, त्याने गप्पांच्या नादात तीन कोला घेतले. त्याच्याही खात्यावर २५५ जमा झाले.

पहिले गृहस्थ जेवायला उठले तेव्हा जवळजवळ सात पोळ्यांचे उष्मांक पोटात गेलेले होते, आणि भूक मात्र जशीच्या तशी होती. पातळ पदार्थाने पोट भरल्याची जाणीव फारशी होत नाही. शिवाय मद्यार्क शरीराला साठवून ठेवता येत नाही. तो आधी जाळावा लागतो, आणि तोवर जेवणातली चरबी जाळण्याचे काम मागे पडते. चकण्याचे खारे दाणे आणि तळलेले तुकडे यात धरलेलेच नाहीत. ते ताटाच्या हिशेबात घालावेत.

हा हिशेब दोन ठिकाणी चुकतो. एक म्हणजे आपण पेले मोजतो, माप मोजत नाही. घरी अंदाजाने ओतलेला पेग सहज ८०-९० मिलिलिटरचा होतो. दुसरे, अर्धा पेला रिकामा होताच यजमान तो पुन्हा भरतो, त्यामुळे तीन झाले की पाच हे घेणाऱ्यालाही सांगता येत नाही. मापाने ओतावे आणि पेला रिकामा झाल्यावरच पुन्हा भरू द्यावा, म्हणजे आकडा खरा राहतो.

बेरीज मोठी निघाली की काही जण म्हणतात, "मग आज जेवणच सोडतो." ही वजाबाकी मात्र धोक्याची आहे. रिकाम्या पोटी मद्य रक्तात झपाट्याने चढते. त्याहून मोठा धोका मधुमेहींना. जेवण नसेल तेव्हा रक्तातली साखर टिकवून धरण्याचे काम यकृत करते. मद्य पचविण्यात गुंतलेल्या यकृताला नवी साखर तयार करता येत नाही. इन्शुलिन टोचणारा, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारखी गोळी घेणारा मनुष्य जेवण टाळून झोपला, तर मध्यरात्री किंवा पहाटे त्याची साखर फार खाली जाऊ शकते. पार्टीत गोड कोला घेतल्यामुळे रात्री नऊला साखर वाढलेली दिसली, तरी तेवढ्यावर विसंबू नये.

साखर उतरल्याची लक्षणे म्हणजे दरदरून घाम, हातापायांना कंप, असंबद्ध बोलणे, झोकांड्या. घरच्यांना वाटते, चढली आहे, झोपू द्या. येथेच घात होतो. मधुमेहीच्या बाबतीत अशा वेळी साखर तपासावी. यंत्र जवळ नसेल, तो शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि बरे वाटताच पोळी-भात खाऊ घालावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता ताबडतोब रुग्णालय गाठावे.

तेव्हा काटछाट करायची ती ताटातल्या पोळी-भाजीत नव्हे, पेल्यात. आपल्या उदाहरणातल्या पहिल्या गृहस्थांनी कोलाऐवजी साधा सोडा घेतला असता तर २५५ उष्मांक वाचले असते, आणि एक पेग कमी घेतला असता तर आणखी १४०. दोन्ही मिळून ३९५, म्हणजे चार पोळ्या. याचा अर्थ सोड्याबरोबरचे मद्य निर्धोक ठरते असा नव्हे. मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्णतः सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. यकृताचा विकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी ते मुळीच घेऊ नये. मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी पार्टीच्या आधीच आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे, आणि त्या रात्री जेवण चुकवू नये.