नमस्काराला नमस्कार, पण किती मोठा?

ही माझ्याच चुकीची गोष्ट आहे.

जूनमध्ये प्रवेशाचे दिवस होते. यवतमाळकडचे एक आजोबा नातीला घेऊन आले. वर्गाच्या दारातूनच हात जोडून, खणखणीत आवाजात म्हणाले, "नमस्कार गुरुजी! नातीले तुमच्या शाळेत टाकून राहिलो, जरा लक्ष ठेवजा." मला त्यांचा मोकळेपणा आवडला. तेवढ्याच मोकळेपणानं मी म्हणालो, "ठेवतो ना जी! कायले काळजी करून राहिले?"

आजोबा हसले, पण अर्धंच. पुढचं वाक्य एकदम पुस्तकी मराठीत आलं, "बरं. फी कुठे भरायची?" मग ते नातीबद्दल काहीच बोलले नाहीत. ती पोरगी आईवडिलांपासून पहिल्यांदाच लांब राहणार होती, हे मला पंधरा दिवसांनी दुसऱ्याकडून कळलं. खरं तर हेच सांगायला ते आले होते.

मला वाटलं होतं, मी त्यांच्याशी सूर जुळवला. मग बिनसलं कुठे?

समोरच्याची नक्कल आपण सगळेच नकळत करतो. चार्ट्रंड आणि बार्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1999 साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. अनोळखी माणूस पाय हलवत असेल तर शेजारचाही जास्त पाय हलवू लागायचा, आणि त्याला त्याचा पत्ताही नसायचा. उलट बाजूनंही पाहिलं. ज्यांच्या बसण्या-हलण्याची हळूच नक्कल केली गेली, त्यांना तो अनोळखी माणूस जास्त आवडला. पण ही नक्कल त्यांच्या लक्षात आलेली नव्हती. माझी नक्कल मात्र आजोबांच्या पहिल्या शब्दातच लक्षात आली.

नेदरलँड्समधल्या एका हॉटेलातला प्रयोगही मला इथे उपयोगी वाटतो. वाढणारीनं गिऱ्हाइकाची ऑर्डर त्याच्याच शब्दांत परत म्हटली, तेव्हा तिला जास्त टिप मिळाली. तिनं शब्द परत केले, म्हणजे "तुमचं ऐकलं" एवढंच सांगितलं. गिऱ्हाइकाच्या बोलण्याची ढब उचलायची काही गरज नव्हती.

आता आजोबांचा नमस्कार परत बघू. त्यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे आपुलकीचं माप: मोठा आवाज, जोडलेले हात, थांबून बोललेली दोन वाक्यं, मनातली एक काळजी. दुसरी म्हणजे त्यांची वऱ्हाडी, त्यांच्या गावाची ओळख. मी माप सोडलं आणि ओळख उचलली. हातातलं रजिस्टर खाली ठेवून, उठून हात जोडून, तेवढ्याच आवाजात माझ्याच मराठीत म्हणायला हवं होतं, "नमस्कार आजोबा! लक्ष ठेवीन. काही खास सांगायचंय का तिच्याबद्दल?" 'लक्ष' हा शब्द त्यांचा, बोली माझी.

त्यातून मी शिक्षक, खुर्चीत बसलेला, आणि ते परगावात उभे. वरच्या बाजूनं खालच्याची बोली उचलली की ती टिंगलच वाटते, हेतू कितीही चांगला असो.

ओळखायचं कसं? समोरचा अचानक प्रमाण भाषेत शिरतो, वाक्यं आखूड होतात, विषय कामापुरता उरतो. असं झालं की "गंमत केली हो" म्हणू नये, त्यानं जखम वाढते. गुपचूप आपल्या बोलीवर यावं आणि त्यांच्या काळजीचा प्रश्न विचारावा.

थंड नमस्काराचं थोडं वेगळं आहे. एखादी आई नुसतं "हं, नमस्कार" म्हणून जमिनीकडे बघते. तिला "या या ताई, बसा ना, चहा घेणार?" असा धो धो पाऊस पाडला तर ती मागे सरते. पण तिच्याइतकंच थंड राहिलं तर तिला तो राग वाटतो. मी हल्ली तिच्यापेक्षा एकच पायरी वर राहतो: हळू आवाज, एक वाक्य, मग गप्प. रागानं आलेल्या पालकाशी तर रागाचं माप जुळवायचंच नाही, हे सांगायला नकोच.

सहावीच्या वर्गात मी तिघातिघांचे गट करून याचा सराव घेतला. एक पाहुणा, एक यजमान, तिसरा फक्त पाहुण्याचा चेहरा बघणार आणि तो कुठल्या शब्दाला बदलला ते सांगणार. आवाज, वेग, अंतर, वाक्यांची संख्या जुळवायची; बोली, तोतरेपणा, चालण्याची लकब नाही. एका मुलानं हात वर केला, "सर, माझी आजी तशीच बोलते. मग मी तसं बोललो तर?" चांगला प्रश्न होता. मी त्यालाच विचारलं, तू घरी रोज तसं बोलतोस का? "हो." मग ती तुझीच बोली आहे, खुशाल बोल.

दिवाळीच्या सुट्टीआधी आजोबा परत आले. मी उठलो, हात जोडले, "नमस्कार आजोबा, प्रवास कसा झाला?" पहिली दोन उत्तरं पुस्तकीच आली. तिसऱ्या वाक्याला ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "गुरुजी, पोरगी डबा खाऊन राहिली का बराबर?"