रजेच्या हिशेबातील चूक आणि तिची दुरुस्ती

शासकीय कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तकात रजेचा हिशेब ठेवलेला असतो. त्यात एकदा चुकीचा आकडा पडला, तर तो पुढील प्रत्येक शिल्लकेत उतरत जातो. बदली झाली की सेवापुस्तक नव्या कार्यालयात जाते आणि तेथील लिपिक शेवटची शिल्लक बरोबर मानून पुढचा हिशेब मांडतो. चूक बहुधा निवृत्ती जवळ आल्यावर, सेवापुस्तकाची तपासणी होताना उघडकीस येते. तोवर मूळ आदेश शोधणेही अवघड झालेले असते. खाजगी कंपन्यांत ज्याला मनुष्यबळ विभाग म्हणतात, त्याचे हे काम शासकीय कार्यालयात आस्थापना शाखा पाहते. दुरुस्तीचा अर्ज कार्यालय प्रमुखांना उद्देशून लिहावयाचा आणि आस्थापना शाखेकडे द्यावयाचा असतो.

हिशेबाचा नियम

महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ अन्वये दीर्घ सुटी नसलेल्या विभागांतील कर्मचाऱ्याच्या खात्यात दरवर्षी १ जानेवारीस १५ दिवस व १ जुलैस १५ दिवस अर्जित रजा आगाऊ जमा होते. दीर्घ सुटीचा लाभ घेणाऱ्या शिक्षकांना अर्जित रजेचा हा हिशेब लागू नाही. मात्र चूक शोधण्याची व अर्ज लिहिण्याची रीत त्यांनाही हीच आहे.

खर्ची पडणाऱ्या दिवसांची मोजणी करताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. रजेच्या आधी व नंतर जोडून घेण्यास परवानगी दिलेल्या सुट्या रजेत धरल्या जात नाहीत. रजेच्या मध्ये येणाऱ्या सुट्या मात्र रजेतच मोजल्या जातात. नैमित्तिक रजेत मध्ये आलेली सुटी वगळली जाते, म्हणून अर्जित रजेतही ती वगळली जावी, अशी अनेकांची समजूत असते. ती बरोबर नाही. अशा मागणीचा अर्ज टिकत नाही.

एक उदाहरण

धुळे जिल्ह्यातील शिरपूर येथील एका शासकीय कार्यालयात काम करणारा लिपिक उदाहरणादाखल घेऊ. १ जानेवारी २०२३ रोजी नवीन १५ दिवस जमा झाल्यानंतर त्याची अर्जित रजा १४६ दिवस होती. त्याने सोमवार, ६ फेब्रुवारी ते शुक्रवार, १७ फेब्रुवारी २०२३ अशी रजा घेतली. आधीचे ४ व ५ फेब्रुवारी आणि नंतरचे १८ व १९ फेब्रुवारी हे शनिवार-रविवार जोडून घेण्यास मंजुरी आदेशात परवानगी होती. २० फेब्रुवारीस तो कामावर रुजू झाला.

६ ते १७ फेब्रुवारी हे १२ दिवस होतात. त्यात मधले ११ व १२ फेब्रुवारी धरलेले आहेत आणि ते योग्यच आहे. शिल्लक १३४ दिवस राहावयास हवी होती. परंतु नोंद करणाऱ्याने ४ ते १९ फेब्रुवारी असे १६ दिवस धरले आणि शिल्लक १३० दिवस लिहिली. पुढे अन्य रजा घेतली गेली नाही. १ जुलै २०२३ रोजी १४९ ऐवजी १४५ आणि १ जानेवारी २०२४ रोजी १६४ ऐवजी १६० अशी नोंद झाली. जून २०२४ मध्ये त्याची बदली जळगाव जिल्ह्यातील चोपडा येथे झाली. १ जुलै २०२४ रोजी तेथे १७९ ऐवजी १७५ दिवस लिहिले गेले. चूक एकाच जागी झाली, पण चुकीच्या शिल्लका चार झाल्या.

या चार दिवसांचे मोल काय? निवृत्तीच्या वेळी शिल्लक अर्जित रजेचे, कमाल ३०० दिवसांपर्यंत, रोखीकरण होते. वेतन व महागाई भत्ता मिळून दरमहा ६०,००० रुपये असल्यास एका दिवसाचे २,००० रुपये, म्हणजे चार दिवसांचे ८,००० रुपये होतात. दीर्घ आजारपणात शिल्लक अपुरी पडली, तर या चार दिवसांसाठी अर्धपगारी किंवा विनावेतन रजा घ्यावी लागेल.

अर्ज कसा असावा

“माझी रजा कमी दाखविली आहे, चौकशी व्हावी,” एवढ्यावर आस्थापना शाखेला काही करता येत नाही. कोणती नोंद चुकली, कोणत्या आदेशाशी ती जुळत नाही आणि कोणते आकडे बदलावयाचे, हे अर्जातच आले पाहिजे. उदाहरणातील लिपिकाचा अर्ज असा असेल:

प्रति,
मा. कार्यालय प्रमुख, चोपडा.

विषय : अर्जित रजेच्या हिशेबातील नोंद दुरुस्त करून सुधारित रजा लेखा मिळणेबाबत.

संदर्भ : शिरपूर कार्यालयाचा रजा मंजुरी आदेश, क्र. ......, दि. ......

महोदय,

उपरोक्त आदेशान्वये मला दि. ६ ते १७ फेब्रुवारी २०२३ अशी १२ दिवसांची अर्जित रजा मंजूर झाली असून दि. ४, ५, १८ व १९ फेब्रुवारीच्या सुट्या जोडून घेण्यास परवानगी आहे. सेवापुस्तकात मात्र १६ दिवस खर्ची टाकले आहेत. त्यामुळे ४ दिवस जादा वजा झाले आहेत.

तरी सदर नोंद १२ दिवसांची करून त्यानंतरच्या शिल्लका अनुक्रमे १३४, १४९, १६४ व १७९ अशा सुधाराव्यात आणि सुधारित रजा लेख्याची साक्षांकित प्रत मिळावी, ही विनंती.

सोबत : मंजुरी आदेशाची व दि. २० फेब्रुवारी २०२३ च्या रुजू अहवालाची प्रत.

आपला विश्वासू,
(सही, नाव, पदनाम, दिनांक)

अर्ज दोन प्रतींत करावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व दिनांक घ्यावा. मंजुरी आदेशाची प्रत जवळ नसल्यास, शिरपूर कार्यालयाकडून ती मागवून पडताळणी करावी, अशी विनंती अर्जातच जोडावी. चुकीची नोंद त्या कार्यालयात झाली असल्याने नव्या कार्यालयास तेथील अभिलेखावरून खात्री करून घ्यावी लागते.

कार्यालयाने काय करावयाचे

सेवापुस्तकात खाडाखोड वा गिरवून लिहिणे चालत नाही. जुना आकडा वाचता येईल अशा रीतीने त्यावर एक रेघ मारावी, शेजारी योग्य आकडा लिहावा, दुरुस्तीचा आधार म्हणून आदेशाचा क्रमांक नमूद करावा आणि सक्षम अधिकाऱ्याने साक्षांकन करावे. केवळ शेवटची शिल्लक १७९ करून भागत नाही. वरच्या तीन शिल्लका तशाच राहिल्या, तर पुढील तपासणीत १६० अधिक १५ बरोबर १७९ कसे, हा आक्षेप निघतो आणि बरोबर आकडाच संशयास्पद ठरतो. दुय्यम सेवापुस्तकात व संगणकीय नोंद असल्यास तीतही हीच दुरुस्ती झाली पाहिजे.

उत्तर न आल्यास आवक क्रमांक देऊन स्मरणपत्र पाठवावे. शासकीय कर्तव्यातील विलंबास प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या महाराष्ट्र अधिनियमानुसार कोणतीही नस्ती सर्वसाधारणपणे एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहू नये. स्मरणपत्रात त्याचा उल्लेख करता येतो. मात्र दुसऱ्या जिल्ह्यातून अभिलेख मागवावयाचा असल्यास नस्ती अनेक हातांतून जाते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

दरवर्षी सेवापुस्तक पाहून सही करण्याची वेळ येते, तेव्हा रजेचे पान उघडून मागील वर्षाच्या आदेशांशी प्रत्येक वजावट ताडून पाहावी. कार्यमुक्त होण्यापूर्वी तर हे अवश्य करावे. मूळ आदेश व तो काढणारे कार्यालय समोर असते, तोवर हीच दुरुस्ती एका पानावर होते. एकदा सेवापुस्तक जिल्ह्याबाहेर गेले, की त्याच चार दिवसांसाठी दोन कार्यालयांत पत्रव्यवहार करावा लागतो.