दोन घड्याळांचा रजेचा अर्ज

मडगावात घरी बसून न्यूयॉर्कच्या कचेरीचे काम करणाऱ्या एका गृहस्थांस ३ ते ७ नोव्हेंबर २०२५ अशी रजा हवी होती, असे समजू. तेथील सहकारी सकाळी ९ वाजता काम हाती घेई, त्या वेळी आपल्याकडे सायंकाळचे साडेसहा होत. म्हणून त्यांनी लिहिले, "३१ ऑक्टोबरला साडेसहा ते साडेसात मी काम सोपविण्यास हजर राहीन, १० नोव्हेंबरला त्याच वेळी ते परत घेईन."

पहिले वाक्य बरोबर, दुसरे चुकले. २ नोव्हेंबरच्या पहाटे न्यूयॉर्कची घड्याळे एक तास मागे गेली; आपली घड्याळे अशी हलत नाहीत. त्यामुळे १० तारखेस आपल्या साडेसहाला तेथे सकाळचे आठच वाजणार, आणि सहकारी अजून घरीच असणार! शिवाय तारीख ३/११ अशी लिहिली, तर अमेरिकन मनुष्य ती ११ मार्च अशी वाचतो.

आम्ही वर्गात हा अर्ज असा दुरुस्त करून घेतला : "सोमवार, १० नोव्हेंबर, न्यूयॉर्क सकाळी ९ ते १०, भारत सायंकाळी ७.३० ते ८.३०. मधल्या पाच दिवसांत मी उपलब्ध नाही." हे शेवटचे वाक्य लिहिण्यास माणसे उगाच संकोचतात, ते नसले, की तिकडच्या दुपारी साडेतीनला, म्हणजे आपल्या रात्री दोनला, फोन खणखणतो.