तिसरं वायफायच तेवढं मुकं

साधारण रोहिण्या बरसायच्या दिवसांतली गोष्ट. खामगाव तालुक्यातल्या आमच्या पिंपळगाव राजात वादळात वीज कडाडली आणि एका शिक्षणसंस्थेतला मुख्य स्विच जळाला. संस्थेचं नाव इथे नको. जुन्याच कंपनीचा, जुन्याच मॉडेलचा दुसरा स्विच आणून बसवला गेला. जुन्या स्विचची सेटिंग्ज कोणीतरी शहाणपणानं टेक्स्ट फाइलमध्ये जपून ठेवली होती. ती नव्या स्विचच्या कन्सोलवर चिकटवली. कार्यालयातले संगणक उठले, शिक्षकांच्या खोलीतले उठले, प्रिंटर छापू लागला. काम झालं म्हणून सगळे घरी गेले.

मला बोलावणं आलं ते अकरावीच्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला बसल्यावर. संगणक शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, “भाऊ, वायफाय त लागते, पासवर्डही घेते, पण नेट येऊनच नाही राहिलं. अन् माझ्या मोबाइलवर शिक्षकांचं वायफाय मस्त चालते. मशीन तर एकच हाय ना?”

मॅडमच्या या शेवटच्या प्रश्नातच निम्मं निदान होतं. नव्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या ॲक्सेस पॉइंटमधून तीन वायफाय नावं दिसत: ‘कार्यालय’, ‘शिक्षक’ आणि ‘विद्यार्थी’. पहिली दोन सुरळीत, तिसरं बंद. यंत्र एक, अँटेना त्याच, भिंतीतली केबलही एकच. यंत्र किंवा केबल बिघडली असती तर तिन्ही नावांना त्रास झाला असता. म्हणून अशा वेळी शिडी लावून ॲक्सेस पॉइंट उतरवण्यात अर्थ नसतो. मी पोचेपर्यंत तो दोनदा बंद-चालू झालेला होता, शेजारच्या वर्गातल्या यंत्राशी अदलाबदलही झालेली होती. फरक शून्य.

एकाच केबलमधून तीन वेगळी नेटवर्कं जातात, कारण प्रत्येक फ्रेमच्या कपाळावर चार बाइटांची एक चिठ्ठी असते आणि तिच्यात व्हीलॅनचा क्रमांक असतो. ८०२.१क्यू या नावानं ही पद्धत १९९८ साली प्रमाण झाली. इथे कार्यालयाला १०, शिक्षकांना २० आणि विद्यार्थ्यांना ३० क्रमांक दिला होता. अशी चिठ्ठ्यांची वाहतूक करणाऱ्या जोडणीला ट्रंक म्हणतात. ॲक्सेस पॉइंट ते मजल्यावरचा स्विच, तिथून कार्यालयातला मुख्य स्विच, तिथून राउटर, अशी तीन ट्रंकांची साखळी होती. पत्ते वाटणारी डीएचसीपी सेवा राउटरमध्येच होती. त्यामुळे ३० क्रमांकाची चिठ्ठी राउटरपर्यंत पोचली नाही तर मुलाच्या मोबाइलला पत्ताच मिळत नाही. मोबाइल ‘पत्ता मिळवत आहे’ म्हणत बसतो. विंडोजचा लॅपटॉप शेवटी स्वतःच 169.254 नं सुरू होणारा पत्ता घेतो. हा आकडा दिसला की पासवर्डचा आणि सिग्नलचा विषय तिथेच सोडावा. वायफायनं आपलं काम केलेलं असतं, दुखणं पुढे तारेत असतं.

बऱ्याच जणांना इथे डीएचसीपीवर संशय येतो आणि तो चुकीचा नाही. पण त्याची खातरजमा सोपी आहे. मी लॅपटॉप ‘विद्यार्थी’ला जोडला आणि हातानं 192.168.30.200 हा पत्ता दिला. गेटवे 192.168.30.1 ला पिंग केलं, उत्तर नाही. `arp -a` मध्ये गेटवेची ओळसुद्धा उमटली नाही. म्हणजे प्रश्न पत्ते वाटणाऱ्याचा नव्हता, रस्ताच तुटलेला होता.

याच टप्प्यावर एक फसवं दृश्य दिसतं. लॅपटॉप ‘शिक्षक’ वायफायला जोडून तोच 192.168.30.1 पिंग केला तर तो झटकन उत्तर देतो! त्यावरून संस्थेतल्या एकानं ठाम सांगितलं होतं, “तीसचं नेटवर्क चालू आहे, मी तपासलं.” उत्तर आलं होतं हे खरं, पण ते व्हीलॅन ३० मधून आलंच नव्हतं. शिक्षकांची फ्रेम व्हीलॅन २० मधून राउटरपर्यंत गेली, आणि 30.1 हा राउटरचा स्वतःचाच पत्ता असल्यानं त्यानं तिथल्या तिथे उत्तर दिलं. राउटरचा तीसचा उपइंटरफेससुद्धा ‘अप’ दिसतो, कारण त्याची खालची तार जिवंत असते. ज्या व्हीलॅनची शंका आहे, त्याच व्हीलॅनमध्ये बसून पिंग करावं. बाहेरून केलेल्या पिंगची साक्ष ग्राह्य धरू नये.

त्याच दुपारी आणखी एक सल्ला मिळाला: “ॲक्सेस पॉइंटमध्ये ‘विद्यार्थी’ला वीस नंबर देऊन टाका.” दोन मिनिटांसाठी तपासणी म्हणून हे उत्तम आहे. क्रमांक बदलताच नेट आलं, म्हणजे ॲक्सेस पॉइंटची सेटिंग ठीक आणि खोट ३० च्या वाटेवरच. पण बरेच जण इथेच थांबतात आणि बिल देऊन मोकळे होतात. मग मुलांचे मोबाइल शिक्षकांच्या संगणकांच्या आणि प्रिंटरच्या पंगतीला येऊन बसतात, वेगळं ठेवण्यासाठी केलेली सगळी रचना वाया जाते, आणि पुढच्या माणसाला हे कोणी सांगतही नाही. मी क्रमांक परत ३० केला.

आता वाट कुठे तुटली ते शोधायचं. स्विचला प्रत्येक यंत्राचा मॅक पत्ता कोणत्या पोर्टवर दिसला याची नोंद असते, आणि ती व्हीलॅननुसार पाहता येते:

```
show mac address-table vlan 30
```

मजल्यावरच्या स्विचवर मुलांच्या मोबाइलचे पत्ते दिसले, सगळे ॲक्सेस पॉइंटच्या पोर्टवर. राउटरचा पत्ता मात्र नव्हता. मुख्य स्विचवर हीच आज्ञा दिली तर मोबाइलचा एकही पत्ता नाही. जिथपर्यंत मॅक पत्ता दिसतो तिथपर्यंत वाट शाबूत, जिथून दिसेनासा होतो त्या सांध्यात खोट. मी ॲक्सेस पॉइंटपासून राउटरच्या दिशेनं एकेक स्विच चढत जातो. मोठ्या जागेतही हे काम फार वेळ घेत नाही.

मुख्य स्विचची सेटिंग उघडली तर ती निर्दोष. दोन्ही ट्रंकांवर `switchport trunk allowed vlan 10,20,30` अशी स्वच्छ ओळ. पोर्टचे दिवे हिरवे, त्रुटींचे आकडे शून्य. इथेच माणूस हरतो, कारण कागद म्हणतो तीसला परवानगी आहे. पण कागद न वाचता स्विचला विचारावं:

```
show interfaces trunk

Port     Vlans allowed on trunk
Gi0/1    10,20,30
Gi0/24   10,20,30

Port     Vlans allowed and active in management domain
Gi0/1    10,20
Gi0/24   10,20
```

पहिल्या तक्त्यात परवानगी दिसते, दुसऱ्यात प्रत्यक्ष हजेरी. तीसला दारातून आत यायची मुभा होती, पण त्या स्विचवर व्हीलॅन ३० अस्तित्वातच नव्हता. नसलेल्या व्हीलॅनची फ्रेम स्विच गुपचूप टाकून देतो. `show vlan brief` नं त्याला दुजोरा दिला: १, १०, २०, आणि मग थेट १००२ पासूनचे जन्मजात क्रमांक.

सेटिंग्ज जशाच्या तशा उतरवल्या असताना फक्त तीसच का गळला, हे मला या सगळ्यातलं सर्वांत उपयोगी वाटतं. सिस्कोच्या अशा स्विचमध्ये व्हीटीपी सर्व्हर मोड असेल, आणि तो बहुधा मुळातच असतो, तर १००५ पर्यंतच्या व्हीलॅनची यादी सेटिंग्जच्या मजकुरात नसते. ती फ्लॅशमधल्या `vlan.dat` या वेगळ्या फाइलमध्ये असते. ती फाइल जुन्या स्विचबरोबर जळाली. मग १० आणि २० कसे आले? मजकूर चिकटवताना `switchport access vlan 20` ही ओळ आली की स्विच म्हणतो:

```
% Access VLAN does not exist. Creating vlan 20
```

आणि तो व्हीलॅन स्वतःच तयार करतो. कार्यालयाचे आणि शिक्षकांचे संगणक तारेनं त्याच स्विचला जोडलेले होते, म्हणून त्यांचे व्हीलॅन आपोआप जन्मले. विद्यार्थ्यांचा व्हीलॅन फक्त वायफायवर होता. त्याच्या नावाचा एकही ॲक्सेस पोर्ट त्या स्विचवर नव्हता, तो नुसता ट्रंकमधून जाणारा वाटसरू. ट्रंकच्या परवानगीच्या यादीत क्रमांक लिहिल्यानं व्हीलॅन तयार होत नाही. त्यामुळे मुख्य स्विच बदलल्यावर सगळ्यात आधी तपासावं ते केवळ वायफायवर चालणारं नेटवर्क. पाहुण्यांचं, मुलांचं, कॅमेऱ्यांचं, जे कोणतं असेल ते.

दुरुस्ती एवढीच:

```
configure terminal
vlan 30
 name VIDYARTHI
end
```

आज्ञा दिल्यावर लगेच मोबाइलकडे पाहून निराश होऊ नये. जुन्या पद्धतीचा स्पॅनिंग ट्री असेल तर नव्या व्हीलॅनसाठी पोर्ट खुला व्हायला साधारण ३० सेकंद लागतात. `show interfaces trunk` च्या शेवटच्या तक्त्यात ३० आला की वाट मोकळी झाली. मग अर्ज भरायला बसलेल्या एका मुलीच्या मोबाइलला 192.168.30 चा पत्ता मिळाला आणि अर्जाचं पान उघडलं.

कधी दोष उलटा असतो. व्हीलॅन तयार असतो, पण ट्रंकच्या यादीत नसतो. तेव्हा हात आखडून टाइप करावं. `switchport trunk allowed vlan add 30` यातला `add` राहिला तर जुनी यादी पुसली जाते आणि एकटा ३० उरतो. मग तिसरं वायफाय सुरू व्हायच्या ऐवजी पहिली दोनही जातात. दूरच्या स्विचवर रिमोटनं बसला असाल तर तुमचा स्वतःचा रस्ताही त्याच क्षणी कापला जातो. अशा ठिकाणी मी आधी `reload in 10` देऊन ठेवतो. आज्ञा अंगावर आली तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप जुन्या जतन केलेल्या सेटिंगवर उठतो. सगळं जमलं तर `reload cancel` विसरायचं नाही.

पुढच्या वादळाची सोय म्हणून मी दोन्ही स्विच `vtp mode transparent` वर नेले. या मोडमध्ये व्हीलॅनची यादी सेटिंग्जच्या मजकुरातही उमटते, म्हणून टेक्स्ट फाइल जपली की व्हीलॅनही जपले जातात. दुसऱ्या कंपन्यांच्या ब्राउझरमधून चालणाऱ्या स्विचवर या आज्ञा नसतात. तिथे आधी व्हीलॅन तयार करून मग राउटरकडच्या आणि पुढच्या स्विचकडच्या अशा दोन्ही पोर्टांना त्यात ‘टॅग्ड’ सभासद करावं लागतं. एका बाजूचा पोर्ट सुटला तरी लक्षणं हीच दिसतात.

एका रचनेत मात्र ही वाट धरू नये. काही मोठ्या ठिकाणी ॲक्सेस पॉइंट वायफायची सगळी वाहतूक बोगद्यातून थेट कंट्रोलरकडे पाठवतो आणि चिठ्ठी तिथे लागते. तिथे ॲक्सेस पॉइंटच्या पोर्टवर व्हीलॅन ३० शोधून काही सापडणार नाही, कंट्रोलर ज्या ट्रंकला जोडला आहे तिचे तक्ते पाहावे लागतात.